कोळशावरचा सेस गेला, कार्बनचा बाजार आला : कामगाराने काय मागावे?

२०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिल्लीत दोन निर्णय लागोपाठ झाले. पहिला निर्णय २२ सप्टेंबरपासून अमलात आला. दगडी कोळशावर टनामागे ४०० रुपयांचा जो सेस होता तो रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. दुसरा निर्णय ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना सरकारने कार्बन वायूचे उद्दिष्ट ठरवून दिले. जो कारखाना उद्दिष्टापेक्षा कमी वायू सोडील त्याला प्रमाणपत्रे मिळणार, जो जास्त सोडील त्याने ती बाजारातून विकत घ्यायची.

पहिल्या बातमीवर वर्तमानपत्रांनी "कोळसा स्वस्त की महाग" एवढीच चर्चा केली. दुसरी बातमी बहुतेकांनी आतल्या पानावर टाकली. दोन्ही बातम्या एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नाहीत. आमच्या मते सेस हा आपल्या देशातला एक प्रकारचा कार्बन टॅक्सच होता. नवी योजना म्हणजे ज्याला जगात कॅप अँड ट्रेड म्हणतात त्याची धाकटी भावंड. एक दार बंद झाले आणि दुसरे उघडले. ज्या गावात आम्ही राहतो त्या रायपूरच्या एका बाजूला सिलतरा-उरल्याच्या स्पाँज आयर्नच्या भट्ट्या, दुसऱ्या बाजूला बलौदा बाजारचे सिमेंट, पश्चिमेला भिलाई आणि वर कोरब्याच्या खाणी. ही दोन्ही दारे आमच्याच अंगणात उघडतात. म्हणून हा विषय तज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

आधी टॅक्सकडे पाहू, कारण त्याचा हिशेब गुड्स क्लार्कलाही तोंडपाठ होता.

२०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा सेस बसवला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. देशातला कोळसा असो की आयात केलेला, दर एकच. कोरब्याहून निघालेल्या एका रॅकमध्ये सुमारे चार हजार टन कोळसा असतो. म्हणजे एका रॅकवर १६ लाख रुपये. वजनकाट्यावर वजन झाले, आरआर फाटली, की सेसची रक्कम ठरली. त्यात कोणाच्या चिमणीवर यंत्र बसवायचे नव्हते, कोणा तपासनीसाचा दाखला लागत नव्हता. खाणीच्या तोंडाशीच वसुली. चुकवायचा म्हटला तर अख्खी मालगाडी लपवावी लागली असती!

कार्बन टॅक्सची मोठी ताकद ती हीच. आपल्याकडचा एक टन कोळसा जाळला की साधारण दीड ते पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तो जास्तीत जास्त किती निघणार हे कोळसा खाणीतून निघतानाच ठरलेले असते, कारण कार्बन कोळशातच आहे. सरासरी १.६ टन धरले तर ४०० रुपयांचा सेस म्हणजे वायूच्या टनामागे २५० रुपये झाले. वीज केंद्रात एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे युनिटमागे २८ पैसे. उद्या काय दर असेल हे कारखान्याच्या मॅनेजरला आज ठाऊक असते. बॉयलर बदलावा की जुनाच रेटावा हे तो कागदावर मांडू शकतो.

मग दोष कुठे? पहिला दोष पैशाच्या वाटेत होता. हा सेस स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी म्हणून बसवला गेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. ज्या खास निधीसाठी तो होता त्यात वळते झाले सुमारे साडेएकोणतीस हजार कोटी आणि त्यातूनही प्रत्यक्ष कामावर खर्च झाले सुमारे १६ हजार कोटी. बाकीचे सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सेसचे नावच बदलले. तो जीएसटी भरपाई सेस झाला आणि राज्यांचा महसुली तोटा भरण्याकडे गेला. पुढे कोविडच्या काळात त्या भरपाईसाठी केंद्राने कर्ज काढले आणि मग ते कर्ज फेडण्याकडे गेला. खाणीच्या गावात पाणी काळे ते काळेच राहिले.

आता २०२५ च्या बदलात काय झाले ते नीट समजून घ्यावे, कारण इथे भलेभले फसले आहेत. "जीएसटी ५ वरून १८ झाला, म्हणजे कोळशावर कर वाढला" असे आमच्याच एका मित्राने आम्हाला सांगितले. आम्ही त्याला पेन्सिल दिली. समजा खाणीवरचा कोळसा टनाला १,५०० रुपये आहे. पूर्वी त्यावर ७५ रुपये जीएसटी आणि ४०० सेस, एकूण ४७५. आता १८ टक्क्यांनी २७० रुपये. म्हणजे टनाला २०५ रुपयांनी कर कमी झाला. रॅकला आठ लाखांवर रुपये वाचले. उलट बाहेरून येणारा चांगल्या प्रतीचा कोळसा समजा टनाला ८,००० रुपये आहे. त्यावर पूर्वी ८०० होते, आता १,४४०. हिशेबाचा काटा साधारण ३,०७७ रुपयांवर फिरतो. त्याखालच्या कोळशावर कर घटला, त्यावरच्यावर वाढला.

याचा अर्थ असा की पूर्वी कर वजनावर होता, म्हणून तो ढोबळमानाने का होईना धुराच्या मागे चालत होता. आता तो किमतीवर आहे. राखेने भरलेला हलका कोळसा स्वस्त, म्हणून त्याच्यावर कर कमी. एकाच युनिट विजेसाठी हा हलका कोळसा जास्त जाळावा लागतो, रॅक जास्त लागतात, राख जास्त पडते. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून वीज केंद्रांना हा १८ टक्के कर खर्चातच धरावा लागतो. पण सिमेंटवाला आणि स्पाँज आयर्नवाला आपल्या मालावर जीएसटी भरतो, त्यातून कोळशावर भरलेला जीएसटी तो वजा करून घेतो. जुना सेस मात्र त्याला असा वजा करता येत नव्हता, कारण त्याच्या मालावर सेस नव्हता. म्हणजे सिलतऱ्याच्या भट्टीवर पूर्वी टनाला ४०० रुपयांचा खरा भार होता, आता कोळशावरचा खरा भार जवळजवळ शून्य. कोणी "कार्बन टॅक्स रद्द केला" अशी घोषणा केली नाही. पण कारखान्यांपुरता तो रद्दच झाला.

सर्व दोष सरकारच्या माथी मारून आम्हाला मोकळे व्हायचे नाही. टॅक्सचा स्वतःचाही एक अवगुण आहे आणि तो कामगारांना चांगलाच झोंबतो. टॅक्स खाली सरकतो. वीज केंद्राने भरलेला सेस वीज बिलात उतरतो, बिल चाळीतल्या खोलीत उतरते. आपल्या रेल्वेचेही तसेच. छत्तीसगडमध्ये ब्रॉडगेजचे विद्युतीकरण पूर्ण झाले आहे, पण तारेतली वीज मुख्यतः कोळशाचीच. फ्रान्समध्ये २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या वाढत्या कार्बन टॅक्सविरुद्ध पिवळी जॅकेटे घालून लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही. शहरात मेट्रो असलेल्यांना त्याचे काही वाटले नाही. खेड्यातून कामावर मोटारीने जाणाऱ्यांचे कंबरडे मोडले. शेवटी सरकारला ती वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टॅक्स बसवला तेव्हा दुसरे कर तेवढेच कमी केले आणि गरीब कुटुंबांना पैसे परत दिले, म्हणून तो पुष्कळ वर्षे टिकला. पण राजकारण बदलले तसा १ एप्रिल २०२५ पासून तिथेही ग्राहकांवरचा हा टॅक्स बंद झाला. स्वीडनने १९९१ मध्ये बसवलेला मात्र आजही आहे. टॅक्स चांगला की वाईट हे बरेचसे त्याचा पैसा कुठे जातो यावर ठरते.

आता बाजाराची गोष्ट. इथे थोडे थांबून उदाहरण घ्यावे लागेल, कारण ही गोष्ट आरआरसारखी एका नजरेत दिसत नाही.

सिमेंटपासूनच सुरुवात करू. सिमेंट कारखान्यातून निघणाऱ्या वायूपैकी निम्म्याहून जास्त वायू कोळशातून येतच नाही. तो चुनखडीतून येतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वर जातो. भट्टी सूर्याच्या उन्हावर चालवली तरी हे ४४ किलो टळणार नाहीत. कोळशावरच्या सेसला हा वायू कधी दिसलाच नाही. नवी योजना मात्र तो मोजते. हे तिचे मोठे बलस्थान आहे आणि ते आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. उपाय आहे तो क्लिंकर कमी करण्याचा. वीज केंद्राची फ्लाय ॲश, पोलाद कारखान्याच्या भट्टीची स्लॅग हे सिमेंटमध्ये मिसळले की तेवढी चुनखडी कमी जाळावी लागते. भिलाईच्या शेजारी सिमेंटचे कारखाने उभे राहिले त्यामागे ही स्लॅग आहे. आणि ती वाहून नेते कोण? आपलीच मालगाडी.

आता दोन कारखाने कल्पनेने उभे करू. आकडे आमचे, पण पद्धत योजनेची. पहिला कारखाना नवा. तो एका टन सिमेंटमागे ०.६४ टन वायू सोडत होता, त्याला ०.६२ चे उद्दिष्ट मिळाले. त्याने ०.६० पर्यंत मजल मारली आणि वर्षाला ३० लाख टन सिमेंट काढले. उद्दिष्टापेक्षा टनामागे ०.०२ कमी, म्हणजे त्याला ६०,००० प्रमाणपत्रे मिळाली. दुसरा कारखाना जुना. तो ०.७५ वर होता, उद्दिष्ट ०.७२, पोहोचला ०.७३ पर्यंत, उत्पादन २० लाख टन. त्याला २०,००० प्रमाणपत्रे कमी पडली. ती त्याने पहिल्याकडून विकत घ्यायची. भाव ८०० रुपये निघाला तर १ कोटी ६० लाख रुपये द्यावे लागतील. नाही घेतली तर नियमाप्रमाणे त्या फेरीतल्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई वसूल होते.

बाजाराच्या बाजूने जे म्हणतात त्यांचे म्हणणे इथे दिसते. ज्याला वायू कमी करणे स्वस्त पडते तो करतो, ज्याला महाग पडते तो त्याला पैसे देतो. एकूण खर्च कमी होतो. हे खोटे नाही.

पण त्याच उदाहरणात चार गोष्टी खटकतात. प्रत्येक कारखान्याला स्वतःच्या जुन्या सवयीवरून उद्दिष्ट मिळाले आहे. दुसरा कारखाना ०.७१५ वर आला असता तर त्यालाच १०,००० प्रमाणपत्रे विकायला मिळाली असती. पहिल्यापेक्षा तो टनामागे कितीतरी अधिक वायू सोडतो आहे, तरीही त्याची गणना चांगल्या मुलांत झाली असती. ज्याने आधीच खर्च करून सुधारणा केली त्याचा पाया खाली, ज्याने दहा वर्षे काही केले नाही त्याचा पाया वर.

दुसरे असे की हे उद्दिष्ट टनामागे आहे, एकूण वायूवर नाही. खरे तर याला कॅप म्हणणेच कठीण. कॅप म्हणजे टोपी, म्हणजे वरची हद्द. दोन्ही कारखान्यांनी उत्पादन दुप्पट केले तर वायू दुप्पट होईल आणि प्रमाणपत्रेही दुप्पट होतील. सरकार म्हणते की वाढत्या देशाला हद्द परवडणार नाही. या म्हणण्यात काही तथ्य आहे आणि कामगारांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. युरोपात २००५ पासून खरी हद्द आहे. तिथे पोलाद कंपन्यांना सुरुवातीला फुकट परवाने वाटले गेले. २००८ ची मंदी आली, भट्ट्या थंड पडल्या आणि न वापरलेले परवाने कंपन्यांच्या हातात उरले, ते त्यांना विकता आले. कामगार घरी आणि परवान्याचा पैसा मालकाच्या खिशात. आपल्या टनामागच्या पद्धतीत भट्टी बंद ठेवून प्रमाणपत्र मिळत नाही. कारखाना चालला तरच मिळते. एवढ्यापुरती आपली पद्धत बरी.

तिसरी गोष्ट भावाची. उदाहरणात बाजारात ६०,००० प्रमाणपत्रे आली आणि गिऱ्हाईक होते २०,००० चे. चाळीस हजार पडून राहिली. अशा वेळी भाव ८०० राहत नाही, तो कोसळतो. हा आमच्या मनाचा खेळ नव्हे, हे आपल्याच देशात झाले आहे. २०१२ पासून ऊर्जा बचतीची अशीच योजना चालू झाली. तिचे नाव पॅट. दुसऱ्या फेरीपासून आपल्या रेल्वेलाही तिच्यात घेतले. पहिल्या फेरीत ४७८ कारखाने होते. ठरवले त्यापेक्षा जास्त बचत झाली, हे चांगलेच. पण प्रमाणपत्रे निघाली सुमारे ३८ लाख आणि विकत घेण्याची सक्ती होती सुमारे १४ लाखांची. २०१७ च्या सप्टेंबरात व्यवहार सुरू झाला तेव्हा भाव १,२०० रुपयांवर होता, काही महिन्यांत तो कितीतरी खाली आला. सगळा व्यवहार मिळून शंभर कोटींच्या आसपास. एक प्रमाणपत्र म्हणजे एक टन तेलाइतकी ऊर्जा वाचवली, आणि त्या ऊर्जेची किंमत सरकारी हिशेबानेच दहा हजार रुपयांवर होती. मग ज्या मॅनेजरला हजारापेक्षा कमी पैशात कागद मिळतो तो यंत्र का बदलील? युरोपातही पहिल्या फेरीच्या शेवटी, २००७ मध्ये, भाव जवळजवळ शून्यावर गेला होता. २०१३ मध्ये तो पाच युरोच्या खाली उतरला. मग जादा परवाने बाजारातून काढून घेणारा राखीव साठा २०१९ पासून सुरू केला, तेव्हा कुठे भाव चढला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत शंभर युरोपर्यंत गेला. म्हणजे बाजाराला वठणीवर आणायला त्यांना चौदा वर्षे लागली.

चौथी गोष्ट मोजण्याची. कोळशाचे वजन काट्यावर होते. वायूचे वजन कागदावर होते. किती इंधन आले, किती क्लिंकर निघाला, किती राख मिसळली, यावरून हिशेब मांडतात आणि मान्यताप्राप्त संस्था तो तपासते. तिची फी कारखानाच देतो. ज्याने लॉगबुक भरले आहे त्याला माहीत आहे की कागदावर काय काय होऊ शकते. सगळे चोर आहेत असे आम्ही म्हणत नाही. सुरतेत २०१९ मध्ये धुराच्या कणांचा बाजार सुरू झाला तेव्हा चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली, एकूण धुरावर खरी हद्द घातली, भावाला खाली पाच रुपये आणि वर शंभर रुपये अशी मर्यादा घातली आणि त्यातून धूर खरोखर कमी झाला. म्हणजे आपल्या देशात बाजार चालतच नाही असे नाही. त्याला हद्द, यंत्र आणि किमान भाव हे तिन्ही लागतात. कार्बनच्या योजनेत यांपैकी एकूण हद्द नाही, हे आम्ही वर दाखवले.

आता टॅक्स आणि बाजार एकाच तराजूत घालू. आपल्या दुसऱ्या, जुन्या कारखान्याचा वर्षाचा एकूण वायू १४ लाख ६० हजार टन. समजा त्या सगळ्यावर, चुनखडीसकट, टनाला २५० रुपये टॅक्स असता तर ३६ कोटी ५० लाख रुपये भरावे लागले असते. बाजारात, टनाला ८०० रुपये हा तिप्पट दर धरूनही, तो भरतो फक्त १ कोटी ६० लाख, कारण तिथे पैसा लागतो तो उद्दिष्टाच्या वरच्या २०,००० टनांवरच. ५० किलोच्या पोत्यावर पाहिले तर टॅक्सने सुमारे ९ रुपये, बाजाराने ४० पैसे. मालकांना बाजार का आवडतो हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

इथे न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. अर्थशास्त्री म्हणतील, एकूण किती भरले ते बाजूला ठेवा, पुढचा एक टन कमी केला तर काय वाचते ते बघा. टॅक्समध्ये २५० वाचतात, बाजारात ८००. म्हणून बाजारच जास्त ढकलतो. बरोबर आहे, पण भाव ८०० राहिला तर. तो ८० वर आला तर? आणि पोत्यामागचे ९ रुपये घर बांधणाऱ्या शिपायाच्या आणि पोस्टमनच्या खिशातून जाणार, हेही आम्ही विसरत नाही. म्हणून पैसा परत येणार असेल तरच आम्ही टॅक्सची बाजू घेऊ.

परत येणे म्हणजे काय, तर साधा गुणाकार. देशात वर्षाला १०० कोटी टनांच्या वर कोळसा लागतो. टनाला ४०० रुपयांनी ४० हजार कोटी होतात. १४० कोटी माणसांत वाटले तर माणशी सुमारे २८५ रुपये, पाच जणांच्या घराला १,४०० रुपयांच्या वर. ज्याच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्याच्या वीज बिलात सेसचे तेवढे पैसे कधीच लागत नाहीत. तो फायद्यात राहील. एसी लावणारा तोट्यात जाईल. हा पैसा घरोघर पोचवायला नवी संस्था नको. पोस्टाची खाती गावोगाव आहेत, ग्रामीण डाकसेवक दारापर्यंत जातो. पोस्टाच्या बांधवांनी ही मागणी आपल्या सनदेत घ्यावी, कारण त्यात त्यांचेही काम आहे.

रेल्वेच्या बाजूने मात्र एक अवघड गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. आपल्या मालवाहतुकीच्या वजनात जवळजवळ निम्मा कोळसा आहे आणि मालाच्या भाड्यावर पॅसेंजरचे स्वस्त तिकीट उभे आहे. कोळसा खरोखर कमी झाला, मग तो टॅक्सने होवो की बाजाराने, तर पहिला धक्का बिलासपूर झोनला, म्हणजे आम्हालाच बसेल. एकेकाळी आमच्या रायपूरच्या शेडमध्ये डिझेल इंजिनांची गर्दी असे, त्या कारागिरांना नवे काम शिकावे लागले. तेव्हा निदान रेल्वेची नोकरी पक्की होती. खाणीतल्या आणि साइडिंगवरच्या कंत्राटी मजुराला ती खात्री कोण देणार? नव्या योजनेत प्रमाणपत्र विकून आलेला पैसा कारखान्याचा. ज्या फिटरने गळती बंद केली, ज्याने राख मिसळण्याचे प्रमाण सांभाळले, त्याचा त्यात नावालाही हिस्सा नाही. पूर्वीच्या सेसमध्येही कामगारासाठी वेगळा पैसा काढलेला नव्हता.

युरोपचा एक नवा पेच आहे तोही थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियमवर तिकडचे सरकार कार्बनचा भार लावते आहे. माल निघतो त्या देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा मिळण्याची सोय आहे. म्हणजे आपण इथे काहीच घेतले नाही तर तो पैसा तिकडे जाणार. नेमक्या त्याच काळात आपण वजनावरचा सेस काढून किमतीवरचा जीएसटी वाढवला, जो कार्बनची किंमत म्हणून दाखवणे कठीण आहे. हा योग जुळवून आणणाऱ्याची कमाल वाटते.

आमचे मत असे झाले आहे. कोळशावर खाणीच्या तोंडाशी, वजनावर, टॅक्स पुन्हा आणावा. त्याचा पैसा कायद्यानेच तीन ठिकाणी बांधावा, घरांना परत, खाण आणि साइडिंगच्या कामगारांच्या पुनर्वसनाला, आणि रेल्वेच्या माल-भाड्यातला तोटा भरायला. तिजोरीत मोकळा सोडला तर पुन्हा ८६ हजार कोटींची गत होईल. बाजार ठेवायचा तर तो जिथे काटा पोचत नाही तिथे ठेवावा, म्हणजे चुनखडीसारख्या वायूसाठी; त्याला किमान भाव असावा आणि जादा प्रमाणपत्रे रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे असावा. वीज केंद्रे त्या पहिल्या यादीत नाहीत, ती मोठ्ठी भोके आधी बुजवावीत. आणि तपासणी करणारी संस्था कारखान्यात येईल तेव्हा मान्यताप्राप्त युनियनचा एक माणूस तिच्याबरोबर फिरला पाहिजे.

काही सहकारी म्हणतात, युनियनने बोनस आणि पेन्शन सोडून हवेच्या भानगडीत का पडावे? त्यांच्याशी आमचा वाद अजून मिटलेला नाही. तोवर सिमेंट आणि ॲल्युमिनियमच्या साइडिंगवर काम करणाऱ्या शाखांनी एवढे करावे : २०२५-२६ या वर्षात कोळसा, क्लिंकर, स्लॅग आणि फ्लाय ॲशचे किती रॅक आले-गेले याची महिनावार नोंद आपल्या वहीत ठेवावी. कारखाना जेव्हा आपला वायूचा हिशेब सादर करील तेव्हा त्याच्याशी ताडून पाहायला दुसरा कागद आपल्याच हातात असेल.